गिरणी सुसाट की कणगी फुटली? अमिओडारोन आणि बाबांचा थायरॉइड

*नमस्कार डॉक्टर. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. अडीच वर्षांपूर्वी व्हीटी झाली, म्हणजे हृदयाचे ठोके धोकादायक वेगाने पडू लागले, म्हणून रोज अमिओडारोन २०० ची एक गोळी सुरू आहे. गेल्या दोन महिन्यांत वजन ६६ वरून ५८ वर आलं, हात थरथरतात, रात्री घाम येतो. सहा महिन्यांपूर्वी टीएसएच २.८ होता, आता ०.००५, आणि फ्री टी-फोर ५.१. फॅमिली डॉक्टरांनी कार्बिमाझोल २० मिलिग्रॅम दिलं. चार आठवड्यांनी फ्री टी-फोर ५.६! आता एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात, ते बंद करून स्टेरॉइड द्या. बाबांना शुगर आहे, आम्हाला भीती वाटते. शेजारच्या काकू तर कार्बिमाझोलनेच बऱ्या झाल्या. हार्टचे डॉक्टर म्हणतात, अमिओडारोन बंद करायचं नाही. कुणाचं ऐकायचं? आयोडीनचं मीठ बंद करू का? डॉप्लर, स्कॅन आणि अँटीबॉडीचे रिपोर्ट जोडले आहेत.*
*— एक मुलगी, कोथरूड*

ताई, तिन्ही रिपोर्ट मी दोनदा वाचले. माझं मत तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टच्याच बाजूने आहे. पण नुसतं तसं सांगून तुमची स्टेरॉइडची भीती जाणार नाही. त्यासाठी कार्बिमाझोलचा उपयोग का झाला नाही, ते आधी कळायला हवं.

थायरॉइड ग्रंथी हार्मोन बनवते, आणि बनवलेलं साठवूनही ठेवते. शरीरातली दुसरी कुठलीही हार्मोनची ग्रंथी एवढा साठा करत नाही. थायरॉइडच्या आत बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत आठ-दहा आठवडे सहज पुरेल एवढा माल भरलेला असतो. म्हणजे एकाच घरात गिरणी आहे आणि कणगीही. रक्तात हार्मोन वाढलं, की एकतर गिरणी रात्रंदिवस सुसाट चालली आहे, किंवा कणगी फुटून साठवलेलं धान्य अंगणात सांडतंय. रक्ताचा रिपोर्ट अंगणात धान्य किती पडलंय तेवढंच सांगतो, ते कुठून आलं हे सांगत नाही. फ्री टी-फोर म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, आणि टीएसएच म्हणजे ग्रंथीला 'काम कर' असं सांगणारा मेंदूकडचा निरोप; हार्मोन वाढलं की तो दबतो. टीएसएच ०.००५ दोन्हीत येतो आणि फ्री टी-फोर ५.१ सुद्धा दोन्हीत.

कार्बिमाझोल हे गिरणी बंद करायचं औषध आहे. नवं हार्मोन बनू देत नाही, एवढंच त्याचं काम. कणगी फुटलेली असेल तर गिरणीला कुलूप घालून काय होणार?

अमिओडारोनमुळे हे दोन्ही होऊ शकतं. पहिल्याला आम्ही टाइप वन म्हणतो, दुसऱ्याला टाइप टू. गोळी एकच असली तरी आजार दोन आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

मिठाचा प्रश्न इथेच निकालात काढू. अमिओडारोनच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीनच असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम. ते सगळं एकदम मोकळं होत नाही, रोज सहा-सात मिलिग्रॅम सुटं होऊन रक्तात येतं. माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस पटींहून जास्त आयोडीन रोज अंगात येतंय. आता मीठ बघा. घरी पोहोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा आपल्याकडचा निकष आहे. त्या हिशेबाने बाबांच्या गोळीतून रोज सुटणारं आयोडीन मिठातून घ्यायचं तर दिवसाला चारशे ग्रॅमहून जास्त मीठ खावं लागेल. त्यामुळे आमटीतलं चिमूटभर मीठ बदलून काहीही फरक पडणार नाही. हृदयासाठी मीठ कमी ठेवायला सांगितलंय तेवढं पाळा, आणि घरातल्या इतरांचं आयोडीनचं मीठ अजिबात बंद करू नका.

एवढं आयोडीन येऊनही बहुतेकांच्या थायरॉइडला काही होत नाही, कारण निरोगी ग्रंथी शहाणी असते. आयोडीनचा लोंढा आला की ती आधी काम थांबवते, मग आयोडीन आत घ्यायचं दार अर्धं लावून घेते आणि हळूहळू नेहमीसारखी चालू लागते. काहींची ग्रंथी थांबते ती पुन्हा चालूच होत नाही. मग टीएसएच वाढतो आणि थायरॉक्सिनची गोळी लागते. तो अमिओडारोनचा तिसरा परिणाम. त्याचा उपचार सोपा आहे, अमिओडारोनही बंद करावं लागत नाही, आणि तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

टाइप वन होतो तो ज्यांची ग्रंथी आधीपासून आपल्या मर्जीने चालणारी असते त्यांच्यात. गळ्यात जुन्या गाठी असतात, किंवा ग्रेव्ह्जचा आजार, म्हणजे शरीरातल्याच अँटीबॉडी ग्रंथीला जास्त पळवतात तो, दबा धरून बसलेला असतो. अशा ग्रंथीला दार लावायचं कळत नाही. कच्चा माल येईल तेवढा ती दळत सुटते.

टाइप टूमध्ये आयोडीनपेक्षा औषधाचाच दोष मोठा. अमिओडारोन आणि शरीरात त्यापासून तयार होणारा डेसइथाइल-अमिओडारोन हा पदार्थ, दोन्ही थायरॉइडच्या पेशींना विषारी आहेत. ते पेशींत महिनोन्महिने साचत जातात. एक दिवस पेशी फुटायला लागतात, ग्रंथीला सूज येते आणि पिशव्यांतला माल रक्तात ओतला जातो. म्हणूनच टाइप टू बहुधा दोन-तीन वर्षांनी उगवतो आणि उगवतो तो एकदम. सहा महिन्यांपूर्वीचा २.८ हा टीएसएच खराच होता, लॅबची चूक नव्हे. टाइप वन साधारण पहिल्या काही महिन्यांतच डोकं वर काढतो. पण नुसत्या महिन्यांच्या हिशेबावर निदान करायचं नसतं. जिथे मिठातून लोकांना पुरेसं आयोडीन मिळतं तिथे टाइप टू जास्त दिसतो, आणि पुण्यात माझ्याकडे येणाऱ्यांतही तोच जास्त असतो.

आता तुमचे रिपोर्ट. सर्वांत जास्त विश्वास मी डॉप्लरवर ठेवते, तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत काय दिसतं ते सांगते. गळ्यावर थंडगार जेल लावून प्रोब ठेवला की पडद्यावर करड्या रंगाची ग्रंथी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. मग रंगाचं बटण दाबतात. वाहतं रक्त लाल-निळं होऊन चमकायला लागतं. गिरणी सुसाट चालली असेल तर तिला रक्त भरपूर लागतं. टाइप वनमध्ये ग्रंथीभर ठिपके पेटतात, अक्षरशः रंगपंचमी. टाइप टूमध्ये शेजारच्या रक्तवाहिनीत लाल-निळे झोत धडधडत असतात आणि मधली ग्रंथी मात्र करडी, गप्प. फुटलेल्या कणगीला जास्तीचं रक्त कशाला हवं? बाबांच्या रिपोर्टात ग्रंथीचा आकार नेहमीचा, गाठ नाही, आणि आतला रक्तप्रवाह जवळजवळ नाही असं लिहिलं आहे.

या तपासणीला एक मर्यादा आहे. मशीनची सेटिंग मंद रक्तप्रवाह टिपण्याजोगी नसेल तर चांगली चालणारी ग्रंथीही गप्प दिसते. म्हणून डॉप्लर थायरॉइड नेहमी बघणाऱ्या रेडिऑलॉजिस्टकडूनच करावं, आणि चिठ्ठीवर 'अमिओडारोन चालू, टाइप वन की टू' असा सरळ प्रश्न लिहून पाठवावा. तुमच्या चिठ्ठीवर तसा प्रश्न होता हे रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत दिसतंय, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवते.

दुसरा रिपोर्ट आयोडीन अपटेकचा, म्हणजे तपासणीसाठी दिलेल्या आयोडीनपैकी ग्रंथी किती आत ओढते त्याचा, २४ तासांनी ०.८ टक्का. बरेच जण इथे फसतात. अपटेक कमी म्हणजे टाइप टू, असं सरसकट म्हणता येत नाही. अमिओडारोन घेणाऱ्याचं शरीर आयोडीनने आधीच तुडुंब भरलेलं असतं, त्यात तपासणीचं चिमूटभर किरणोत्सारी आयोडीन हरवून जातं, त्यामुळे टाइप वनमध्येही आकडा कमी येऊ शकतो. उलट बाजूने मात्र ही तपासणी उपयोगी पडते. एवढा लोंढा असूनही अपटेक नेहमीएवढा किंवा जास्त आला, तर ग्रंथी नक्की आयोडीन ओढते आहे, म्हणजे टाइप वन. बाबांचा ०.८ टाइप टूशी जुळतो, पण एकट्याने काही सिद्ध करत नाही. अँटीबॉडीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, त्यामुळे ग्रेव्ह्जची शक्यता खूप खाली गेली. डॉप्लर संदिग्ध असतं तर मी सेस्टामिबी नावाचा स्कॅन सुचवला असता. हृदयासाठी वापरतात तेच रसायन; ते जिवंत, काम करणाऱ्या ग्रंथीत धरून राहतं, आणि टाइप टूमध्ये राहत नाही. तुम्हाला त्याची गरज वाटत नाही.

थोडक्यात, गाठ नसलेली नेहमीच्या आकाराची ग्रंथी, गप्प डॉप्लर, निगेटिव्ह अँटीबॉडी, अडीच वर्षांचं औषध आणि सहा महिन्यांत २.८ वरून ०.००५ वर कोसळलेला टीएसएच, हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवतं. बाबांचा टाइप टू आहे असं मी समजते.

'कार्बिमाझोल चार आठवडे देऊन फरक नाही' हा त्याचा पुरावा आहे का? इथे मी सावध राहीन. आयोडीनने भरलेली ग्रंथी कार्बिमाझोलला सहजासहजी दाद देत नाही. टाइप वनमध्ये रोज ४० ते ६० मिलिग्रॅम द्यावं लागतं आणि परिणाम दिसायला आठवडे नाही, महिनेही लागतात. २० मिलिग्रॅम टाइप वनलाही अपुरं पडलं असतं. त्यामुळे या चार आठवड्यांतून निदान सिद्ध होत नाही. निदान उरलेल्या गोष्टींवर उभं आहे. तुमच्या फॅमिली डॉक्टरांवर राग धरू नका. थायरॉइड वाढला म्हटल्यावर पहिला हात कार्बिमाझोलकडेच जातो, आणि शंभरातल्या बहुतेक पेशंटांत ते बरोबरच ठरतं. शेजारच्या काकूंचं तसंच झालं असणार. त्या अमिओडारोन घेत नसतील, तर त्यांचा आजारच निराळा.

टाइप वन कसा दिसतो हेही कळावं म्हणून माझ्याकडची एक पेशंट सांगते. मुळशीकडच्या, ५९ वर्षांच्या. तरुणपणापासून गळ्यावर गाठ, 'आमच्या घरात सगळ्या बायकांना आहे' म्हणून कधी दाखवली नव्हती. ठोके अनियमित झाले म्हणून अमिओडारोन सुरू झालं आणि चौथ्याच महिन्यात वजन उतरलं. डॉप्लरमध्ये गाठींभोवती रंगच रंग. त्यांच्या हृदयाला दुसरं औषध चालणारं होतं, म्हणून हार्टच्या डॉक्टरांशी बोलून अमिओडारोन थांबवलं. कार्बिमाझोल ४० मिलिग्रॅमवर सुरू केलं. आयोडीन ग्रंथीत शिरूच नये म्हणून पोटॅशियम पर्क्लोरेट नावाचं औषध जोडीला देतात, पण ते मिळणं मुश्कील, आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो म्हणून फक्त चार-सहा आठवडे, मोजूनमापून द्यायचं. आम्ही त्याशिवायच चाललो. फ्री टी-फोर ताळ्यावर यायला जवळजवळ चार महिने लागले. त्यानंतर त्यांची ग्रंथी ऑपरेशनने काढली, कारण गाठी तिथेच असताना आजार पुन्हा उलटण्याची भीती होती. किरणोत्सारी आयोडीनचा डोस देऊन ग्रंथी जाळता आली नसती; शरीरातलं आयोडीन ओसरेपर्यंत ग्रंथी तो डोस आत घेतच नाही. ही सगळी वाट टाइप वनची, बाबांची नव्हे.

बाबांची वाट प्रेडनिसोलोनची. फुटलेल्या कणगीची सूज उतरवायची, म्हणजे सांडणं थांबतं. शिवाय हे औषध टी-फोरचं टी-थ्रीत होणारं रूपांतरही थोडं रोखतं, आणि हृदयाला त्रास देणारं खरं हार्मोन टी-थ्रीच. वजनाच्या किलोमागे अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमच्या आत असा डोस धरतात. ५८ किलोंना तो ३० ते ४० बसतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला ४० त्यातच आहे. सकाळी नाश्त्यानंतर एकदम घ्यायचा. संध्याकाळी घेतला तर झोप उडते. हलक्या टाइप टूमध्ये कधी कधी काहीही न देता ग्रंथी आपोआप शांत होते, पण त्याला महिने लागतात. पंपिंग ३५ टक्के असलेल्या माणसाला एवढा वेळ वाढलेल्या हार्मोनखाली ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

शुगरची भीती खरी आहे. ती वाढेल हे गृहीत धरूनच चाला. मात्र कुठली शुगर बघायची ते नीट लक्षात घ्या. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने उपाशीपोटीची शुगर बऱ्याचदा फारशी हलत नाही, चढते ती दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी. फक्त सकाळची शुगर बघून 'छान आहे' म्हणणारी घरं मी खूप पाहिली आहेत. ग्लुकोमीटर घ्या आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. २५० च्या वर सलग दोन-तीन दिवस गेली तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. थोडे आठवडे इन्सुलिन लागलं तर लावून घ्या. स्टेरॉइड कमी होत जाईल तसं तेही उतरतं. वजन एकाएकी वाढणं, पायावर सूज, धाप, हे तुमच्या बाबांच्या बाबतीत शुगरहून जास्त महत्त्वाचं. स्टेरॉइडने अंगात पाणी धरतं आणि कमजोर हृदयाला ते झेपत नाही. म्हणून रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करा.

डोस किती दिवस? बहुतेकांत पहिल्या दोन आठवड्यांतच फ्री टी-फोर खाली यायला लागतो. तो ताळ्यावर आला की डोस हळूहळू उतरवत नेतात, एकूण साधारण तीन महिने. इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. ६१ वर्षांचे हडपसरचे एक गृहस्थ, फ्री टी-फोर ४.४ वरून पाच आठवड्यांत १.६ वर आला. शुगर चढली होती, तेही कंटाळले होते, म्हणून मी तीन आठवड्यांत डोस संपवला. महिन्याभरात आकडा पुन्हा ३.१. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं आणि एकूण स्टेरॉइड दुप्पट झालं. तेव्हापासून मी आकडा चांगला आला तरी उतरवण्याची घाई करत नाही. तुम्हीही घरच्या घरी डोस कमी करू नका, आणि एकदम बंद तर मुळीच नको. इतके आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड झोपी गेलेलं असतं. अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

या काळात टीएसएचवर हिशेब करू नका. फ्री टी-फोर नॉर्मल झाला तरी टीएसएच कित्येक आठवडे दबलेलाच राहतो, आणि तो पाहून लोक घाबरून डोस वाढवायला येतात. बघायचा तो फ्री टी-फोर आणि टी-थ्री. टी-थ्रीचा आकडा तुमच्या रिपोर्टात थोडासाच वाढलेला आहे. त्यावरून 'आजार हलका' असं समजू नका. अमिओडारोनच टी-फोरचं टी-थ्रीत रूपांतर अडवतं, म्हणून तो कमी दिसतो. त्याच कारणाने अमिओडारोन सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत निरोगी माणसाचाही टी-फोर थोडा वाढतो आणि टीएसएचही थोडा चढतो. तो आजार नसतो, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्याने आकडे खोटे येतात.

कार्बिमाझोलचं काय? निदान पक्कं टाइप टूचं असेल तर ते चालू ठेवून फायदा नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते थांबवायला सांगितलंय ते योग्य आहे. दोन्ही प्रकार मिसळलेले वाटले, म्हणजे गाठही आहे आणि सूजही, तर दोन्ही औषधं सोबत देतात. बाबांनी ते चार आठवडे घेतलंय, म्हणून अजून काही दिवस एक लक्ष ठेवा: ताप आला, घसा दुखायला लागला, तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी सीबीसी करा. क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, आणि स्टेरॉइड चालू असताना ताप फारसा चढत नाही, त्यामुळे साध्या घसादुखीकडेही दुर्लक्ष नको.

आता अमिओडारोन. हार्टचे डॉक्टर म्हणतात ते ऐका. हे औषध चरबीत मुरतं आणि शरीरातून अर्धं जायलाच महिना-दोन महिने लागतात. आज बंद केलं तरी ग्रंथीला ते लगेच कळणार नाही, मात्र व्हीटीला अडवणारी भिंत हळूहळू पातळ होत जाईल. वाढलेल्या थायरॉइडमुळे ठोके बिघडण्याची शक्यता आधीच जास्त असते, आणि हेच औषध टी-थ्री बनणं अडवून हृदयाला थोडं वाचवतही असतं. टाइप वनमध्ये, पर्याय असेल तर, मी बंद करण्याकडे झुकते. टाइप टूमध्ये, व्हीटीसाठी चालू असेल तर, ते चालू ठेवून स्टेरॉइड देता येतं. निर्णय मात्र त्यांचा. माझी एकच विनंती आहे: दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी पाच मिनिटं फोनवर बोलायला लावा. निरोप तुमच्यामार्फत फिरत राहिले, की तुम्हाला ते भांडताहेत असं वाटतं. या दोघांचं म्हणणं परस्परविरोधी नाहीच.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण ती कुणी आधी सांगत नाही. स्टेरॉइड सुरू करूनही धाप वाढली, रात्री उशा रचून झोपावं लागलं, ठोके पुन्हा बिघडले किंवा इको केल्यावर पंपिंग ३५ च्याही खाली गेलं, तर औषधांवर वाट बघत बसायचं नसतं. तेव्हा ग्रंथी ऑपरेशनने काढणं हा मार्ग आहे. कमजोर हृदयाच्या माणसाला भूल देऊन ऑपरेशन करायचं म्हटल्यावर घरचे नाही म्हणतात, ते मी समजू शकते. पण हार्मोनच्या भट्टीत तेच हृदय आठवडेच्या आठवडे ठेवणं त्याहून धोक्याचं असतं, आणि अनुभवी भूलतज्ज्ञ आणि सर्जन असले की अशा पेशंटांना त्याचा फायदाच होतो. हे लागेल असं आज मला वाटत नाही. तरीही तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा: 'वेळ आली तर कुठे, कोण करेल?' आणि या दिवसांत कुणी अँजिओग्राफी किंवा इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन सुचवला, तर थायरॉइडचं आधी सांगा. त्या इंजेक्शनमध्येही आयोडीनच असतं.

नाडीवर फार विसंबू नका. बाबा ठोक्यांच्या गोळ्या घेतात, त्यामुळे थायरॉइड पेटलेला असतानाही नाडी ७५-८० दिसते आणि घरचे निश्चिंत राहतात. याच गोळ्यांमुळे काहींचा घाम आणि थरथरही दबलेली असते. लपत नाही ते वजन आणि मांड्यांची ताकद. वाढलेलं हार्मोन मांडीचे स्नायू खातं. टेकडीवर रोज जाणारा माणूस एकाएकी जिन्यात कठड्याला धरून उभा राहतो, ते वयामुळे म्हणून सोडून देऊ नका. ज्यांच्या घरी अमिओडारोनबरोबर वॉरफरिन चालू आहे त्यांनी आणखी एक खूण ओळखावी: डोस तोच असताना आयएनआर अचानक वर गेला, तर थायरॉइड तपासा.

बाबांसाठी एक सोपी मोजणी सुचवते. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठायचं, बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. दर रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली तो आकडा आणि शेजारी वजन लिहा. हातांच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नसेल तर शून्य लिहा. फ्री टी-फोर खाली आला तरी ही ताकद परत यायला आणखी काही आठवडे लागतात, तेव्हा तिथे घाई नको. ग्रंथी शांत झाल्यावर काहींची कणगी रिकामीच राहते आणि उलट थायरॉइड कमी पडतो. म्हणून स्टेरॉइड संपल्यावर सहा आठवड्यांनी आणि मग दर तीन महिन्यांनी टीएसएच करत राहा. पुढे कधी अमिओडारोन थांबलंच, तरी त्यानंतर वर्षभर ही तपासणी सोडू नका, कारण अंगात मुरलेलं औषध तेव्हाही काम करत असतं.

पहिला फ्री टी-फोर स्टेरॉइड सुरू केल्यापासून चौदाव्या दिवशी करा, शक्यतो आधीच्याच लॅबमध्ये, म्हणजे ५.६ शी तुलना करता येईल. त्या आकड्याबरोबर दुपारच्या शुगरची वही आणि कॅलेंडरवरचे दोन रविवार घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काय निघालं ते मला याच सदरात कळवा.